नरकासुराचे डोळे आणि पाच मिलिमीटरचा शाफ्ट

भाचा आला तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. पिशवीतून त्याने मोटर काढली, पण टेबलावर ठेवली नाही. हातातच धरून उभा राहिला. म्हटलं, काहीतरी मोडून आणलंय.

"मामा, शाफ्ट जरा कलल्यासारखा दिसतो काय बघ."

मी मोटर घेतली, मागून धरून पुढचा शाफ्ट बोटाने फिरवला. जरा कसला! टोक चांगलं गिरकी मारत होतं. शाफ्टवरचं पितळी गिअर मात्र जिथल्या तिथे. तोंडाच्या अॅल्युमिनियमवर समोरासमोर दोन ओरखडे होते, एक उथळ आणि एक खोल. ते बघितल्यावर विचारायचं काही राहिलं नाही. दोन स्क्रू ड्रायव्हर दोन्ही बाजूंनी घालून उचकटलं होतं, आणि एका हाताचा जोर दुसऱ्यापेक्षा जास्त होता. तो कोणाचाही असतोच.

वाड्यावरच्या पोरांचा नरकासुर होता. आमच्या डिचोलीत दिवाळीच्या आदल्या रात्री नुसता उंच नरकासुराचा पुतळा उभा करून आता भागत नाही, त्याचे हात हलावे लागतात, मान वळावी लागते. यंदा पोरांनी डोळे फिरवायचं ठरवलं होतं. भंगारात गेलेल्या कुठल्याशा कॉपी मशीनमधून चार स्टेपर मोटरी मिळाल्या होत्या. चारही एकाच मापाच्या, तोंड 42 मिलिमीटर चौकोनी, शाफ्ट 5 मिलिमीटरचा. प्रत्येकीवर पितळेचं छोटं गिअर दाबून बसवलेलं. त्यांना ते गिअर नको होतं, त्या जागी दातेरी पट्ट्याची पुली हवी होती. चारांतली एक गेली. उरल्या तीन, आणि डोळे दोन. म्हणजे चुकायला एकच मोटर शिल्लक.

त्याला रागवावं असं तोंडावर आलं होतं, पण मीही पहिल्या वर्षी हेच केलंय. खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागलो तेव्हा एका लहान पंपाच्या मोटरची पुली दोन टॉमींनी, म्हणजे लोखंडी सळ्यांनी, उचकटायला गेलो होतो. आमच्या मेस्ताने लांबून बघितलं, जवळ आला, टॉमी माझ्या हातातून काढून घेतल्या आणि एवढंच म्हणाला, "तू पुली ओढतोस ती कोणाला टेकून?" तेव्हा प्रश्न कळला नव्हता. खाणी 2012 साली थांबल्या, पुढे सुरू झाल्या, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या आणि मी घरामागे हे दुकान घातलं. डंपरच्या हबवर अडकलेला भाग ओढून काढायचे पुलर उचलायला दोन माणसं लागत, आता माझा सगळ्यात मोठा पुलर एका हातात मावतो. मेस्ताचा प्रश्न मात्र तोच आहे.

टॉमी असो की स्क्रू ड्रायव्हर, तो टेकतो मोटरच्या तोंडाला. गिअर वर ढकलला जातो आणि त्याच जोराने मोटरचं अंग खाली दाबलं जातं. गिअर शाफ्टला घट्ट धरून बसलाय, म्हणून तो शाफ्टलाही वर घेऊन जायला बघतो. शाफ्टला आत कोण धरून ठेवतं? बेअरिंगा. म्हणजे ओढायचा सगळा जोर बारीक गोळ्यांमधून जातो, आणि या गोळ्या फिरण्यासाठी घातलेल्या असतात, ओझं उचलण्यासाठी नव्हे. गोळीचा ठसा कड्यावर उमटला की शाफ्ट सरळ राहूनही मोटर खरखरते. आणि हा झाला दोन्ही हात अगदी सारखे चालले तर होणारा तोटा. सारखे चालत नाहीत, तेव्हा शाफ्ट वाकतो.

किती जोर लागतो, हे मी एकदा कागदावर मांडून बघितलं होतं, तोच कागद भाच्याला काढून दाखवला. गिअर 10 मिलिमीटर लांब, बाहेरून साधारण 10 मिलिमीटर, भोक पाचाचं. भोक शाफ्टपेक्षा शंभरावा भाग मिलिमीटर लहान ठेवलं असेल असं धरलं, म्हणजे 10 मायक्रॉन. केसाची जाडी 70 च्या आसपास असते, त्याचा सातवा हिस्सा. एवढ्याशा फरकाने पितळ शाफ्टला जे आवळतं, ते सोडवायला सरळ रेषेत जवळजवळ 200 किलोचा जोर लागतो. फरक अर्धा असेल तर 100 किलो. कारखान्यात किती ठेवला होता ते आपल्याला कोणी सांगत नाही, म्हणून जास्तीचाच धरायचा.

"दोनशे किलो? ह्या सळीला?" भाच्याला पटेना.

सळी म्हटली तरी ती पोलादाची. टोकावर सरळ दाबलं तर 200 किलो ती सहज झेलते, तिच्या ताकदीचा तिसरा हिस्साही लागत नाही. पण तीच सळी आडवी दाबली, गिअर बसतो त्या जागी, तर 30 किलोच्या आसपास ती कायमची वाकायला लागते. कडक न केलेलं साधं पोलाद धरून केलेला हा हिशोब आहे, थोडं इकडेतिकडे होईल. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो तिसरा आकडा. 200 किलोची ओढ मध्यावर न राहता फक्त 2 मिलिमीटर बाजूला सरकली तरी शाफ्ट त्याच वाकण्याच्या हद्दीवर येतो. स्क्रू ड्रायव्हरने गिअरची एक कड उचलता तेव्हा तुम्ही मध्यापासून 5 मिलिमीटरवर ओढत असता. म्हणजे हद्दीच्या दुप्पट पुढे. भाच्याच्या हाताला ताकद जास्त झाली असं नाही, ती बाजूला पडली.

म्हणून पुलर. गिअरला मागून धरायचं आणि शाफ्टच्या टोकाला पुढून ढकलायचं. ओढ आणि ढकल एकमेकांत मिटतात. मोटर या भांडणात कुठेच नसते.

बाजारात तीन पायांचे लहान पुलर मिळतात, माझ्याकडेही आहे. पण त्यांचे पाय 10 मिलिमीटरच्या गिअरमागे नीट बसत नाहीत, दात्यांवरून निसटतात, आणि एक पाय निसटला की उरलेले दोन तेच करतात जे स्क्रू ड्रायव्हरने केलं. इतक्या लहान कामाला पट्टीचा पुलर बरा, आणि तो घरी बनवता येतो. आधी मात्र मोटर नीट बघायची.

पहिली गोष्ट, गिअर खरंच दाबून बसवलेला आहे का. हे विचारल्यावर लोक हसतात. पण गिअरच्या मानेत मळ भरून बुजलेला बिनडोक्याचा ग्रब स्क्रू मी तीनदा तरी बघितलाय, आणि त्यातल्या एकदा पुलर तुटेपर्यंत ताणल्यानंतर बघितलाय. टूथब्रश आणि पेट्रोल घेऊन मान साफ करायची, फिरवून चारही बाजूंनी उजेडात बघायची. आडवी पिन किंवा पुढे सर्क्लिपची कडी आहे का तेही बघायचं. या तीन मोटरींवर काही नव्हतं.

दुसरी गोष्ट आमच्या हवेची. गिअरच्या पुढे 3 मिलिमीटर शाफ्ट बाहेर होता आणि त्यावर गंज चढला होता. चार पावसाळे भंगारात काढलेली वस्तू, गोव्यात याहून वेगळी दिसणार नाही. गंज जागा धरतो. पाचाचा शाफ्ट त्या 3 मिलिमीटरमध्ये पाचाहून जाड झालेला असतो, आणि गिअर बाहेर येताना नेमका त्यावरूनच यायचा असतो. सुटलेला गिअर तिथे पुन्हा अडकतो, मग माणूस चिडतो, मग हातोडी येते. 600 नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक पट्टी घेऊन टोक चकचकीत केलं, मोटरच्या तोंडावर आधी चिकटपट्टी लावून. आत लोहचुंबक आहे, लोखंडाची पूड तिथे गेली की परत येत नाही. मग मशीन ऑइलचा एक थेंब. तेल दाबून बसवलेल्या जागेत शिरत नाही, ते फक्त बाहेर येतानाच्या वाटेसाठी.

तिसरी, गिअरच्या मागची जागा. या मोटरच्या तोंडावर 22 मिलिमीटरची गोल कडी 2 मिलिमीटर वर आलेली असते. ती आणि गिअर यांच्यामध्ये आमच्याकडे 5 मिलिमीटर मोकळे होते. नशीब. कारण पट्टी 4 मिलिमीटर जाडीची घेता आली. हीच जागा 2 मिलिमीटरची असती तर साध्या लोखंडाची पट्टी 200 किलोला वाकली असती, कडक पोलादाचा तुकडा शोधावा लागला असता.

30 मिलिमीटर रुंदीचे दोन तुकडे कापले, मागचा त्या 4 मिलिमीटरच्या पट्टीतून. मागच्या तुकड्यात कडेपासून मध्यापर्यंत खाच, 5.2 मिलिमीटर रुंद. शाफ्टवर ती सरकली पाहिजे पण गिअरला जास्तीत जास्त टेकली पाहिजे. खाच सहाची केली तर गिअरची मानच आत ओढली जाते, पितळ मऊ असतं. पुढचा तुकडा जरा जाड घेतला, 8 मिलिमीटर, त्यात मध्यावर M6 चे आटे पाडले. दोन्ही तुकडे बाजूच्या दोन M5 बोल्टांनी जोडले. आणि मधला ढकलणारा M6 बोल्ट लेथवर धरून त्याचं टोक 4.5 मिलिमीटरला उतरवलं, 15 मिलिमीटर लांबीपर्यंत, कारण गिअर सुटायला लागला की या टोकाला गिअरच्या भोकातून शाफ्टच्या मागे जावं लागतं. पाचाचं भोक, साडेचाराचं टोक. हे विसरून जाड बोल्ट लावणारे पुष्कळ. 3 मिलिमीटर छान ओढलं जातं आणि मग बोल्ट गिअरलाच टेकून बसतो.

टोक सपाट ठेवलं, अणकुचीदार नाही. अणकुची शाफ्टच्या तोंडात घुसते, तोंड फुलतं, आणि फुललेल्या शाफ्टवरून गिअर काय निघणार. सपाट टोकावर ग्रीसचं बोट लावलं म्हणजे बोल्ट फिरताना शाफ्टला घासत नाही.

या सगळ्याला अख्खी दुपार गेली. भाचा दोनदा चहा घेऊन आला आणि दोनदा म्हणाला की त्याचा मित्र ग्राइंडरने गिअर कापून देतो म्हणतो. तोही मार्ग आहे, खोटं नाही बोलत. प्लॅस्टिकचा गिअर असता तर मीच ब्लेडने चिरला असता, प्लॅस्टिकला पुलर लावण्यात वेळ घालवू नये. पण पितळ कापताना चाक शाफ्टला कधी लागलं ते ठिणगी दिसल्यावर कळतं, आणि तोवर शाफ्टवर खाच पडलेली असते.

आता ओढायची वेळ. इथे मी एक गोष्ट करतो जी मला मेस्ताने दाखवली, आणि तिच्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला बसलो. व्हाइसमध्ये मोटर धरायची नाही. पुलर धरायचा, मोटर खाली मोकळी लोंबकळू द्यायची. बोल्ट हाताने टेकेपर्यंत फिरवायचा, मग पान्याने पाव फेरा. आता मोटरचं अंग बोटांनी धरून फिरवायचं. शाफ्ट पुलरमध्ये पकडलेला आहे, तेव्हा फिरेल ते मोटरचं अंग. स्टेपर मोटर हाताला टकटक करत टप्प्याटप्प्याने फिरते. ती टकटक पुलर लावायच्या आधी जशी लागत होती तशीच लागली, तर जोर शाफ्ट आणि गिअर यांच्यातच आहे. ती जड झाली, खरबरली, एका बाजूला अडली, तर थांबायचं. कुठेतरी पट्टी मोटरच्या तोंडाला टेकलेली आहे, किंवा बोल्ट मध्यावर नाही.

पहिल्या मोटरला नेमकं तेच झालं. अर्ध्या फेऱ्यात टकटक एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला सैल. बोल्ट सोडला, भिंगाखाली शाफ्टचं तोंड बघितलं. ग्रीसमध्ये बोल्टच्या टोकाचा गोल उमटला होता, मध्यापासून स्पष्ट बाजूला. जेमतेम एक मिलिमीटर असेल. खाच मी मध्यापेक्षा जरा खोल कापली होती, त्यामुळे पट्टी मागे जाऊन बसत होती. खाचेच्या तळाशी पत्र्याचा बारीक तुकडा घातला, पुन्हा लावलं. आता टकटक सगळीकडे सारखी.

भाच्याच्या हातात पाना दिला. "किती जोर लावू?" मी म्हटलं, दोन बोटांचा. तो थट्टा समजला. पण M6 च्या आट्यावर 200 किलो उभे करायला 10 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला दोन-अडीच किलोचा रेटा पुरतो. म्हणून पान्यावर अंग टाकावं लागलं की समजायचं, अडलंय ते गिअर नव्हे, दुसरंच काही आहे. त्याने पाव फेरा दिला, थांबला. पुन्हा पाव फेरा. काही हललं नाही. मोटर फिरवून बघितली, टकटक ठीक.

इथून पुढे पान्याने नाही, गरमीने जायचं. पुलर ताणलेलाच ठेवला. सोल्डरिंग आयर्न 60 वॉटचं, टोकावर कथिलाचा टपोरा थेंब, म्हणजे उष्णता लवकर उतरते. ते गिअरच्या दात्यांना टेकवलं. यात घाई महत्त्वाची आहे, आणि ती का ते समजून घेतलं तर हात आपोआप बरोबर चालतो. एकटं गिअर 100 अंशांनी तापलं आणि शाफ्ट थंडच राहिला, तर पितळाचं भोक 9-10 मायक्रॉन मोठं होतं, म्हणजे आवळ जवळपास संपतोच. पण सावकाश तापवलं तर उष्णता शाफ्टमध्ये उतरते, तोही फुगतो, आणि दोघं सारखेच 100 अंशांनी तापले तर सुटतात जेमतेम साडेतीन मायक्रॉन. शिवाय उरलेली उष्णता आत लोहचुंबकाकडे जाते. साध्या प्रतीच्या निओडिमियम चुंबकाची ताकद 80 अंशांच्या पुढे उतरायला लागते. म्हणून एक-दोन मिनिटं हीट गन धरून बसणं बरं नाही. मोटरच्या तोंडावर ओलं फडकं, आयर्न वीस सेकंद, नाही सुटलं तर सगळं थंड होऊ द्यायचं आणि पुन्हा वीस सेकंद.

पंधराव्या सेकंदाला टक् आवाज झाला. काडी मोडल्यासारखा, एकदाच. भाचा दचकून मागे सरला, त्याला वाटलं मोडलं. मी पाना फिरवून दाखवला, बोल्ट हलका झाला होता. पुढचे बारा-तेरा फेरे हातानेच गेले, M6 च्या एका फेऱ्याला एक मिलिमीटर. शेवटी गिअर पट्टीवर येऊन पडला, तापलेला, सगळे दाते शाबूत.

मग मोजणी. डायल गेज असेल तर काम सोपं आहे, माझ्याकडे आहे. मोटर धरून शाफ्टच्या टोकाजवळ काटा टेकवला आणि शाफ्ट एक पूर्ण फेरा फिरवला, काटा शंभराव्या भागाच्या दोन रेघा हलला. तो पुलर लावायच्या आधीही तेवढाच हलत होता, मी आधी मोजून ठेवलं होतं. नुसतं नंतर मोजून काही कळत नाही. तुलनेसाठी पहिली, वाकलेली मोटर लावली. तीस रेघा. भाचा काही बोलला नाही, पण त्याने तो आकडा मोटरवर मार्करने लिहिला. गेज नसेल त्यांनी मोटर घट्ट धरावी, शिवणाची सुई मेणात रोवून शाफ्टच्या टोकाला जेमतेम लागू नये अशी उभी करावी, मागे पांढरा कागद धरावा आणि भिंगातून ती फट बघत शाफ्ट फिरवावा. 5-6 शतांश मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळतो.

वाकलेला शाफ्ट सरळ करता येतो का, हे विचारणारे फोन मला येतात. येतो, थोडाबहुत. पण उलटा दाबताना पुन्हा तीच बेअरिंग टेकू म्हणून वापरावी लागते. मोटर उघडून शाफ्ट बाहेर काढावा म्हणाल तर स्टेपर उघडणं मी टाळतो. आतला चुंबकी गाभा बाहेर काढला की अशा मोटरीचा जोर उतरू शकतो, आणि तो बाहेर-आत करताना दातांमधली केसाएवढी फट सांभाळणं वेगळंच. नवी मोटर आणावी.

दुसरी मोटर अर्ध्या तासात झाली, गरमीशिवायच सुटली. कारखान्यात तिचं भोक जरा ढिलं राहिलं असणार. तिसरीला मी हातही लावला नाही, राखीव. नव्या पुलीला ग्रब स्क्रू होते, M3 चे दोन. ते गोल शाफ्टवर आवळले की तिथे काटा उठतो आणि पुढच्या वेळी पुली त्या काट्यावर अडकते. म्हणून कानशीने शाफ्टवर बारीक सपाटी काढून दिली, चिकटपट्टी लावून, मोटर उलटी धरून, म्हणजे पूड खाली पडते.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री डोळे फिरले. एक जरा हळू फिरत होता, ते पट्ट्याचं दुखणं, माझं नव्हे. पहाटे चारला पोरं जाळायच्या तयारीला लागली तेव्हा भाच्याला आठवलं की मोटरी अजून डोक्यात आहेत. शिडी लावून तो वर चढला, खालून मी मोबाइलचा उजेड धरला. दीड मिलिमीटरची अॅलन की, दोन स्क्रू, पुली सरकून हातात. दुसऱ्या डोळ्याची पुली जराशी घट्ट होती. त्याने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, माझ्याकडे बघितलं, आणि परत खिशात घातला.

"मामा, पुलर आणलायस?"